काळा आजार : भेगाळ भिंती आणि वालुमाशी

काळा आजार म्हणजे लीशमॅनिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे येणारा दीर्घ ताप. पानथरी (प्लीहा) व यकृत वाढणे, रक्तक्षय आणि खंगत जाणे ही त्याची मुख्य लक्षणे. उपचार झाले नाहीत तर बहुधा रोगी दगावतो. भारतीय उपखंडात हा रोग फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस या वालुमाशीच्या मादीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. प्रस्तुत नोंदीचा भर ही माशी घरात कोठे राहते आणि गावातली आरोग्य कार्यकर्ती रोग्यापासून भिंतीच्या भेगेपर्यंत कशी पोचते, यावर आहे.

वाहकाचा शोध : रोगाची सुरुवात कधी झाली याविषयी एकवाक्यता नाही. 1824-25 च्या सुमारास जेसोर भागात (आता बांगलादेशात) पसरलेला ताप हीच पहिली नोंद होय, असे सामान्यतः मानले जाते. बंगालमधील पुढचा ‘बर्दवान ताप’ कितपत काळा आजार होता आणि कितपत हिवताप, हे त्या काळच्या वर्णनांवरून नक्की ठरत नाही; दोन्ही रोग एकाच वेळी नांदत असावेत हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आसामात 1889-90 मध्ये जाइल्स यांनी हा ताप अंकुशकृमींचा परिणाम ठरवला, तर रोनाल्ड रॉस यांनी 1898 च्या पाहणीत त्याला हिवतापाचा प्रकार मानले. दमदमहून परतून मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत लीशमन यांना 1900 मध्ये सूक्ष्म कण दिसले. त्याविषयी त्यांनी 1903 मध्ये लिहिले. त्याच वर्षी मद्रासला डोनोव्हन यांना जिवंत रोग्यांत तेच कण आढळले. परजीवीच्या नावात दोघेही आहेत.

परजीवी सापडला तरी तो पसरतो कसा, हे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे वादात राहिले. त्या काळातले एक निरीक्षण फार मोलाचे आहे. आसामच्या चहामळ्यांत डॉड्स प्राइस व रॉजर्स यांनी मजुरांच्या रोगग्रस्त चाळी सोडून निरोगी कुटुंबांना काही शे यार्डांवरच्या नव्या वस्तीत हलवले, आणि तेथे रोग थांबला. पाणी, अन्न, काम आणि माणसे बदलली नव्हती; बदलले होते ते घर. माशीवर कोणाचा संशय जाण्यापूर्वीच हा रोग घराला चिकटलेला आहे, हे त्यातून दिसून आले. मग घरातला संशयित म्हणून ढेकूण पुढे आला आणि पॅटन यांनी त्याचा बराच पाठपुरावा केला. ढेकूणही भेगांतच राहतो, त्यामुळे तर्क चुकीच्या दिशेने गेला असे म्हणता येत नाही, फक्त प्राणी चुकला.

1924 च्या सुमारास सिंटन यांनी भारतातील रोगाचा प्रदेश आणि अर्जेंटिपीस माशीचा प्रदेश यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही बऱ्याच अंशी जुळले. त्याच सुमारास कलकत्त्याला नोल्स, नेपियर व स्मिथ यांना रोग्याचे रक्त प्यालेल्या माशीत परजीवीची चाबकासारखी शेपटी असलेली अवस्था वाढताना दिसली. तरी माशीच्या चाव्याने प्रत्यक्ष रोग होतो हे दाखवणे जमत नव्हते, कारण प्रयोगशाळेतल्या माश्या दुसऱ्या रक्तभोजनाआधीच मरत. स्मिथ, हलदर व अहमद यांच्या लक्षात आले की पहिल्या रक्तानंतर माशीला मनुक्यांच्या रसासारखे गोड खाद्य दिले तर ती जगते आणि तिच्यातला परजीवी भरघोस वाढून घशाशी साचतो. हीच युक्ती वापरून स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी 1942 मध्ये स्वयंसेवकांत चाव्याद्वारे रोगाचा प्रसार सिद्ध केला. निसर्गात ही साखर माशीला झाडांच्या रसातून मिळते.

माशी आणि भिंत : वालुमाशी डासाहून बरीच लहान, दोन ते तीन मिलिमीटर लांब, अंगावर केस असलेली असते. बसलेली असताना तिचे पंख पाठीवर मिटत नाहीत, उभे राहतात. ही खूण उघड्या डोळ्यांना टॉर्चच्या उजेडात दिसते. ती गुणगुणत नाही. तिचे उडणेही दुबळे, उड्या मारल्यासारखे असते, म्हणून जरा वारा असला की ती बाहेर पडत नाही. मादी सायंकाळनंतर व रात्री चावते. दिवसा तिला काळोख, ओलावा आणि निवांत हवा लागते. मातीच्या भिंतीला पडलेल्या भेगेत हे तिन्ही मिळते.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. भिंत हे माशीचे विश्रांतीस्थान आहे. तिची अंडी आणि अळ्या बहुतेक करून गोठ्यातल्या, शेण व कुजका पाला मिसळलेल्या ओलसर मातीत आढळतात. डासाप्रमाणे साचलेले पाणी तिला लागत नाही. भेगेच्या तळाशी अशी माती साठली असेल तर तेथेही पैदास होऊ शकते, पण अळ्या शोधणे इतके जिकिरीचे असते की याविषयीची माहिती विरळ आहे. अंड्यापासून माशी होण्यास सुमारे पाच ते सहा आठवडे लागतात. गाईगुरांमुळे धोका वाढतो की कमी होतो, यावरही अभ्यासक विभागलेले आहेत. गुरे माशीला जवळ आणतात, तशी ती तिचे चावे स्वतःवरही घेतात. गोठा आणि निजायची जागा एकाच भिंतीने जोडलेली असेल, तर धोका वाढतो हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

शोधाचा नमुना : पुढील वर्णन अशा शोधांच्या नेहमीच्या क्रमावरून रचलेले आहे, ते कोणत्याही एका गावाचे नाही. बिहारमधल्या वैशाली-मुझफ्फरपूर पट्ट्यातला एखादा मुसहर टोला, म्हणजे मुसहर समाजाची छोटी वस्ती, डोळ्यांपुढे ठेवावा. वस्तीची आशा कार्यकर्ती, जिला सगळे ‘दीदी’ म्हणतात, एका नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी जाते. ताप तिसऱ्या आठवड्यात आहे. गावातल्या डॉक्टरने आधी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, मग प्रतिजैविक दिले, पण उतार नाही. आई म्हणते, ‘दीदी, खातो तर नीट, पण पोट तेवढं फुगतंय आणि हातपाय काडीसारखे झालेत.’ डाव्या बरगडीखाली हाताला टणक लागते. दोन आठवड्यांहून अधिक ताप, वाढलेली पानथरी आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. तेथे बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त आरके-39 पट्टीवर घेतात. पट्टीवर नियंत्रणरेषा उमटतेच. तिच्या जोडीला दुसरी रेषा दिसली की चाचणी होकारार्थी. मात्र बरा झालेला रोगीही पुढे वर्षानुवर्षे या चाचणीत होकारार्थी येतो, म्हणून आधी उपचार घेतलेल्या माणसाच्या नव्या तापाचा निर्णय या पट्टीवर करता येत नाही.

आता दीदीचे खरे काम सुरू होते. मुलाच्या घराभोवतालची घरे ती एकेक करून पाहते आणि वहीत तापाबरोबर घराचा तपशीलही लिहिते: भिंत मातीची की विटेची, गोठा कोणत्या बाजूला, कोण कोठे झोपते. आणखी दोन तापकरी सापडतात, आणि तिघांचीही खाट एकाच गोठ्याच्या भिंतीला टेकलेली निघते. रस्त्यापलीकडच्या पक्क्या घरांत एकही रोगी नाही. त्या गोठ्याच्या ओसरीवर झोपणाऱ्या एका माणसाच्या गालांवर व हनुवटीवर फिकट डाग आणि बारीक गाठी आहेत. त्याला काही दुखत नाही, ताप नाही, म्हणून तो कधी दवाखान्यात गेलेला नाही. पण काही वर्षांपूर्वी त्याला काळा आजार झाला होता. उपचारानंतर कातडीत उरणारा हा विकार उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1922 मध्ये वर्णन केला. अशा माणसाच्या कातडीतून माशीला परजीवी मिळू शकतो. दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांत रोग येथेच टिकून राहत असावा, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

उजाडण्याआधी कीटक पर्यवेक्षक येतो. एका हातात टॉर्च, तोंडात शोषनळी. नळीच्या आत जाळी असते, त्यामुळे ओढलेली माशी तोंडात जात नाही. गोठ्याच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी भेग गेली आहे. तिच्या कडेला चार-पाच माश्या पंख उभारून बसलेल्या दिसतात. दोघींचे पोट रक्ताने लालसर आहे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर फवारणी पथकाने तारीख व फवारलेल्या खोल्यांची संख्या लिहून ठेवली आहे. तिच्यावरून कळते की आतली खोली फवारलीच गेली नव्हती, कारण धान्याच्या कोठीमुळे घरच्यांनी ती बंद ठेवली होती. गोठ्याची भिंत फवारली होती, पण त्यानंतर काही दिवसांतच लग्नासाठी तिला माती-शेणाचा नवा गिलावा दिला गेला. कीटकनाशक गिलाव्याखाली गाडले गेले, आणि गिलावा वाळताच त्याला नव्या भेगा पडल्या.

या शोधाला मर्यादा आहे. भेगेत माश्या सापडणे हा रोगाचा पुरावा नव्हे. अशा माश्या निरोगी टोल्यांतही मिळतात. पकडलेल्या माश्यांत परजीवी असलेली माशी क्वचितच मिळते. शिवाय चाव्यापासून तापापर्यंत बहुधा दोन ते सहा महिने जातात, त्यामुळे आज सापडलेली माशी मुलाला चावलेली असू शकत नाही. रोग्यांची खाट, गोठ्याची भिंत, चुकलेली फवारणी आणि कातडीचा विकार असलेला माणूस, हे चारही एकाच जागी येतात, म्हणून निष्कर्ष बळकट होतो.

उपाय : 1950 नंतर हिवतापासाठी झालेल्या डीडीटी फवारणीने बिहारमधला काळा आजारही जवळजवळ नाहीसा झाला होता. फवारणी आटल्यावर 1970 च्या दशकात तो वैशाली व मुझफ्फरपूर भागातून उसळून आला. नंतर अर्जेंटिपीस माशी डीडीटीला दाद देईनाशी झाली, आणि साधारण 2015 पासून अल्फा-सायपरमेथ्रिन वापरात आले. फवारणी भिंतीच्या सहा फूट उंचीपर्यंत करण्याचा प्रघात आहे, कारण माशी खालीच वावरते असे मानले जाई. ती त्याहून वरही बसते असे अलीकडे दिसून आले आहे. भेगा फवारणीच्या आधी लिंपाव्या आणि नंतर सुमारे तीन महिने भिंत सारवू नये, हे घरच्यांना पटवणे दीदीच्याच वाट्याला येते. सणापूर्वी सारवणाऱ्या बायकांना ते रुचत नाही, म्हणून फवारणीची तारीख सारवणानंतरची ठरवून घेणे अधिक उपयोगी पडते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी सहज आत येते. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांच्या भारत-नेपाळमधील मोठ्या चाचणीतही संसर्गात लक्षणीय घट आढळली नाही. तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. रोग्यासाठी आता लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीची एकच मात्रा, शरीराच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम, शिरेतून देतात.

महाराष्ट्र : काळा आजार महाराष्ट्रात स्थानिक नाही; त्याचा भारतीय पट्टा मुख्यतः बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व पूर्व उत्तर प्रदेश असा आहे. वालुमाश्या मात्र विदर्भातही आहेत. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा येथील रोग्यांच्या रक्तात सापडलेला आणि त्या गावाचे नाव मिळालेला विषाणू वालुमाश्यांमार्फतच पसरतो असे मानतात. त्यामुळे लहान मुलांत अवघ्या दोन-तीन दिवसांत मेंदूज्वर बळावतो. त्याच्या साथीतही भेगाळ मातीच्या भिंती व गोठे यांचीच पाहणी आणि फवारणी केली जाते.