तीनशे वीसची चौकट आणि सव्वीस पिक्सेलचं उपरेपण

वेबपेज बनवायला शिकणाऱ्या एका मित्राने परवा वैतागून विचारलं, "ब्राउझरला बेरीज येत नाही का रे?" त्याने 320 पिक्सेल रुंद चौकटीत नाव भरायचा रकाना ठेवला होता आणि रकान्याला 100 टक्के रुंदी दिली होती. तरी रकान्याची उजवी कड चौकट फोडून बाहेर आलेली. ब्राउझर चुकतोय, हा समज फार जणांचा असतो. खरं तर ब्राउझरची बेरीज चोख असते. आपण काय मोजायला सांगितलं, एवढंच आपल्याला ठाऊक नसतं.

मित्राचा कोड असा होता:

```css
input {
  width: 100%;
  padding: 12px;
  border: 1px solid gray;
}
```

सीएसएसमध्ये प्रत्येक घटक म्हणजे एकात एक बसलेले खोके. सगळ्यात आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा. त्याच्या बाहेर बॉर्डर आणि बॉर्डरच्याही बाहेर मार्जिन. यातल्या कुठल्या खोक्याला `width` म्हणायचं? 1996 साली सीएसएसची पहिली आवृत्ती आली, तेव्हा ठरलं की फक्त आतल्या मजकुराच्या खोक्याला. त्यामुळे वरच्या रकान्यात 320 पिक्सेल ही मजकुराची रुंदी झाली. त्यावर पॅडिंग डावीकडे 12, उजवीकडे 12. बॉर्डर दोन्ही बाजूंना एकेक. एकूण 346. चौकट 320 ची, म्हणून 26 पिक्सेल बाहेर. डावी कड जागेवरच असते, त्यामुळे सगळा बोजा उजवीकडे दिसतो.

इथे एक गंमत आहे. साध्या `div` ला रुंदी दिलीच नाही तर हा घोटाळा होत नाही. तेव्हा ब्राउझर उपलब्ध जागेतून मार्जिन, बॉर्डर आणि पॅडिंग वजा करून उरलेलं मजकुराला देतो, म्हणजे पॅडिंग आतल्या बाजूला सरकतं. `width: 100%` लिहिलं की ही वजाबाकी थांबते. त्यामुळे `div` ला उगाच 100 टक्के देणं ही पायावर धोंडा पाडून घेण्याची सोपी रीत आहे. मजकुराच्या रकान्याला मात्र ती सोय नाही. रुंदी दिली नाही, तर तो स्वतःच्या ठरावीक मापाचाच राहतो.

यावर `overflow-x: hidden` लावण्याचा तोडगा बरेच जण सुचवतात. तो लिंबू-मिरची टांगण्यातला प्रकार आहे. आडवी स्क्रोलपट्टी गायब होते, पण रकाना 346 चाच राहतो, फक्त त्याची उजवी कड कापलेली दिसते.

खरा उपाय `width` चा अर्थ बदलण्याचा:

```css
*, *::before, *::after {
  box-sizing: border-box;
}
```

आता रुंदी बॉर्डरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजली जाते. रकाना 320 चाच राहतो आणि मजकुराला 320 वजा 26, म्हणजे 294 पिक्सेल मिळतात. उद्या पॅडिंग 12 चं 20 केलं तरी बाहेरचं माप हलत नाही, आतली जागाच घटते. टक्के आणि पिक्सेल एकत्र आले की याचं मोल कळतं. नाहीतर प्रत्येक वेळी `calc(100% - 26px)` लिहा आणि पॅडिंग बदललं की ते 26 शोधत फिरा. प्रत्येक घटकाला निवडणाऱ्या तारांकनाचं कारणही साधं आहे: हा गुणधर्म बापाकडून पोराकडे आपोआप जात नाही. एकट्या `body` ला लावून आतल्या रकान्यात काहीच बदलत नाही.

इतिहासात मात्र हा उलटा प्रवास आहे. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर 5 रुंदी बॉर्डरसकटच मोजायचा आणि नियम मोडतो म्हणून बोलणी खायचा. 2001 च्या सहाव्या आवृत्तीत, पानाच्या सुरुवातीला योग्य डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी वाचायचं ते सांगणारी ओळ असेल तर, तो नियमाप्रमाणे मोजू लागला. पुढे तीच जुनी "चूक" `border-box` या नावाने, आपल्या मर्जीने, आपण परत मागून घेतली.

मर्यादाही आहेतच. मार्जिन यात कधीच धरलं जात नाही. 100 टक्के रुंदीच्या रकान्याला आडवं मार्जिन दिलंत, तर तो पुन्हा बाहेर जाईल. दुसरं, मजकुराची रुंदी शून्याखाली जात नाही. 30 पिक्सेल रुंदीच्या खोक्याला चहूबाजूंनी 20 पॅडिंग दिलं, तर `border-box` असूनही तो 40 चा होतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये तो घटक निवडून Computed टॅब उघडा, एकात एक खोक्यांचं चित्र दिसेल. त्यात अगदी मधल्या खोक्याची रुंदी 0 असेल, तर समजा की तुमचं पॅडिंगच घटकापेक्षा मोठं झालंय.