आठवण येते, पण जर्मनमध्ये कशी?

आमच्या जर्मनच्या वर्गातल्या एका मुलाची मैत्रीण श्टुटगार्टची आहे. सुट्टी संपवून ती परत गेली, तेव्हा 'मला तुझी आठवण येते' हे त्याला तिच्याच भाषेत लिहायचं होतं. शब्दकोशात 'आठवणे'साठी 'एरिनर्न' मिळालं आणि त्याने वाक्य जुळवलं: 'इश एरिनरे मिश आन दिश.' क्रियापद दुसऱ्या जागी, सर्वनामांची रूपं बरोबर, शब्दयोगी अव्ययही योग्य. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण त्याचा अर्थ होतो 'तू मला आठवतेस', म्हणजे दहा वर्षांनी भेटलेल्या शाळासोबत्याला 'हो हो, ओळखलं' म्हणावं तसा. त्यात विरह कुठेच नाही.

व्याकरणात बसणारं आणि कुणी खरोखर बोलेल असं, यांतला फरक अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या भाषाअभ्यासकांनी 1983 मध्ये एका लग्नाच्या मागणीवरूनच दाखवला होता. 'मला तुझ्याशी लग्न करायचंय' हे इंग्रजीत व्याकरण न मोडता कितीतरी तऱ्हांनी सांगता येतं. 'तुझं माझ्याशी विवाहबद्ध होणं ही माझी इच्छा आहे' हीदेखील त्यातलीच एक तऱ्हा. पण माणसं त्यातल्या मोजक्याच वापरतात. त्या मोजक्या कोणत्या, हे नियम सांगत नाहीत. त्यासाठी लोकांनी लिहिलेली वाक्यंच पाहावी लागतात.

आम्ही सुरुवात 'तातोएबा'पासून केली. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आणि एकमेकांच्या भाषांतरांशी जोडलेल्या वाक्यांचा हा खुला साठा आहे. तिथे 'मिस यू'ची जर्मन भाषांतरं पाहिली, तर दोन वाक्यं पुढे येतात: 'इश फरमिसे दिश' आणि 'डू फेल्स्ट मीर'. एरिनर्नचा त्यांच्याशी संबंध नाही. मात्र इथे एक गोष्ट तपासावीच लागते. वाक्य लिहिणाऱ्याची ती मातृभाषा आहे का? शिकणारेही इथे वाक्यं घालतात, आणि इंग्रजीवरून शब्दशः केलेली भाषांतरंही असतात.

म्हणून पुढची पायरी मोठ्या संग्रहाची, म्हणजे कॉर्पसची. बर्लिनच्या विज्ञान अकादमीच्या DWDS या कोशाला जोडलेला विसाव्या शतकाचा संग्रह सुमारे 10 कोटी शब्दांचा आहे. त्यात ललित, वृत्तपत्रीय, शास्त्रीय आणि व्यावहारिक असं चारही तऱ्हांचं लेखन आहे. शोध असा दिला:

```
@fehlst
"@vermisse @dich"
```

`@` लावलं की नेमकं तेच रूप शोधलं जातं. नाही तर त्या क्रियापदाची सगळी रूपं येतात, आणि 'पैसे कमी पडतात', 'पुरावा नाही' अशा वाक्यांत आपलं वाक्य हरवतं. पहिल्या शोधात एकच शब्द ठेवला, कारण `fehlst` हे रूप 'तू'शिवाय कुणाला लागत नाही आणि जर्मनमध्ये शब्दक्रम बदलत राहतो. एका शब्दाने सगळे क्रम सापडतात.

मग नुसता आकडा न बघता एकेक ओळ वाचायची. कोण कुणाला म्हणतंय? पत्रात की कादंबरीतल्या संवादात? `fehlst`ची काही वाक्यं 'तू शाळेत गैरहजर असतेस' अशा अर्थाचीही असू शकतात. ती बाजूला काढायची. 'मीर' सोबत असेल तिथे विरहाचा अर्थ निघतो. मराठी माणसाला हे 'मीर' जवळचं वाटावं, कारण ते आपलं 'मला' आहे. तू मला उणी पडतेस, असा त्या वाक्याचा घाट.

निकाल शून्य आला तर लगेच 'असं कुणी बोलत नाही' म्हणू नये. छापील लेखनात, विशेषतः बातम्यांत, एका माणसाने दुसऱ्याला 'तू' म्हणण्याचे प्रसंगच थोडे. अशा वेळी शोध आणखी आखूड करून बघावा.

आता त्या मुलाला वाक्यात 'खूप' घालायचं होतं. त्याने 'फील' लिहिलं. आपलं 'खूप' दोन कामं करतं: खूप आंबे आणि खूप आवडतं. जर्मनमध्ये आंब्यांना 'फील' लागतं, पण भावनेच्या तीव्रतेला 'झेअर'. दोन्ही शोध शेजारी ठेवले:

```
"@fehlst @mir @sehr"
"@fehlst @mir @viel"
```

अशी जोडी तपासताना एका बाजूला माणसांची वाक्यं असतात आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं, किंवा 'फील' पुढच्या भलत्याच शब्दाला चिकटलेलं असतं. दोन्ही शोध त्याच संग्रहात, तेवढेच आखूड असल्यामुळे इथलं रितेपण जास्त बोलकं ठरतं.

एवढं होऊनही एक प्रश्न उरला होता. हेच वाक्य आई मुलाला, मैत्रीण मैत्रिणीलाही म्हणते. म्हणजे ते प्रियकराचंच असं नाही. त्याला ते चाललं. उलट बरं वाटलं, म्हणाला, तिच्या घरचे असंच बोलत असतील. त्याने रात्री पाठवलं: 'डू फेल्स्ट मीर झेअर.'