चौकडी दोष, ट्रान्सपोज्ड कॉन्व्होल्यूशनमधील

न्यूरल नेटवर्कने लहान प्रतिमेपासून मोठी प्रतिमा तयार करताना तिच्यावर कधीकधी बुद्धिबळाच्या पटासारखी, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी फिकट-गडद नक्षी उमटते, तिला चौकडी दोष म्हणतात. आकाश किंवा भिंत अशा एकसलग रंगाच्या भागात ती चटकन नजरेस पडते. ओडेना, द्युमूलँ आणि ओला यांनी २०१६ मध्ये या दोषाचे सविस्तर विवेचन केले.

ट्रान्सपोज्ड कॉन्व्होल्यूशन या प्रतिमा मोठी करणाऱ्या थरात प्रत्येक इनपुट पिक्सेल आपल्या मूल्याने गुणलेल्या कर्नलचा, म्हणजे शिकलेल्या वजनांच्या छोट्या चौकटीचा, एक ठसा मोठ्या प्रतिमेवर उमटवतो आणि शेजारचे ठसे जिथे एकमेकांवर चढतात तिथे त्यांची बेरीज होते. कर्नलची रुंदी ३ आणि स्ट्राइड, म्हणजे लगतच्या ठशांमधले अंतर, २ असेल, तर एका ओळीत एकाआड एक जागी दोन ठसे पडतात आणि मधल्या जागी एकच. सर्व वजने १ धरून सगळीकडे १ असलेली प्रतिमा दिली, तर कडा सोडून ओळीत २, १, २, १ असे आकडे मिळतात. उभ्या आणि आडव्या दिशा एकत्र आल्या की हेच ४, २, २ आणि १ होतात, म्हणजे सपाट प्रतिमेतूनच चौपट फरकाची जाळी तयार होते.

कर्नलची रुंदी स्ट्राइडने निःशेष भागली जावी, हा त्यावरचा पहिला उपाय होय. रुंदी ४ आणि स्ट्राइड २ घेतल्यास प्रत्येक जागी सारखेच ठसे पडतात. तरीही तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण वजने a, b, c, d असतील तर सपाट इनपुटवर एका जागी a+c आणि शेजारी b+d येते, आणि प्रशिक्षणात या दोन बेरजा सारख्या राहतीलच असे कोणतेही बंधन नसते. उलट ३ रुंदीच्या कर्नलची वजने ०.५, १, ०.५ असतील, तर सगळीकडे १ च मिळतो. म्हणून खरी कसोटी ठशांच्या संख्येची नसून या बेरजांच्या समानतेची आहे.

अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे आकार वाढवणे आणि वजने शिकणे ही दोन कामे वेगळी करणे. प्रथम निकटतम पिक्सेलची नक्कल करून प्रतिमा दुप्पट करावी आणि मग साधे कॉन्व्होल्यूशन लावावे. PyTorch मध्ये ते असे लिहितात:

```python
nn.Upsample(scale_factor=2, mode="nearest")
nn.Conv2d(64, 32, 3, padding=1)
```

सपाट इनपुटवर येथे कडा वगळता प्रत्येक जागी तीच बेरीज येते, मग वजने काहीही असोत. मात्र कॉन्व्होल्यूशन वाढवलेल्या आकारावर चालत असल्याने गणनेचा भार वाढतो आणि बारीक तपशील थोडा मऊ होऊ शकतो.

थर बदलूनही जाळी राहिली, तर दोष प्रशिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला शोधावा. प्रतिमा तपासणाऱ्या नेटवर्कमधील स्ट्राइड असलेले कॉन्व्होल्यूशन ग्रेडियंट, म्हणजे चूक कमी करण्यासाठी मूल्ये किती बदलावीत याचा संकेत, परत पाठवताना ट्रान्सपोज्ड कॉन्व्होल्यूशनच करते, त्यामुळे काही पिक्सेलना इतरांपेक्षा जास्त ग्रेडियंट मिळून तीच नक्षी प्रतिमेत शिरते. शंका असल्यास प्रतिमेचे फूरिए रूपांतर पाहावे. दोन पिक्सेलांनी पुन्हा येणारी जाळी तेथे सर्वोच्च वारंवारितेपाशी टोकदार ठिपक्यांच्या रूपात दिसते.