माळेच्या शेपटाला काय लावता येतं?

गणपतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आमच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं: "काका, माळ खराब निघाली, बदलून द्या." म्हणून ही चिठ्ठी प्रत्येक माळेसोबत देत आहोत. दोन मिनिटं काढून वाचावी.

माळ खरंच खराब असेल, तर तिचा एखादा तुकडा बंद पडतो. आतले दिवे गटागटाने जोडलेले असतात. गटातला एक गेला की तेवढा गट विझतो, बाकीचे चालू राहतात. अशी माळ आम्ही त्याच हंगामात विनातक्रार बदलून देतो. पण परत येणाऱ्या बऱ्याच माळांमध्ये दिवे शाबूत असतात आणि पिनेजवळची वायर वितळलेली असते. ती माळ खराब नव्हती, तिच्यावर जास्त लोड आला होता. अशी माळ बदलून देत नाही, तेव्हा राग मानू नये.

गेल्या वर्षी एका मंडळाची पोरं अशीच माळ घेऊन आली. त्यांनी सहा माळा एकीला एक जोडल्या होत्या. एक माळ ८ वॅटची, म्हणजे सहा मिळून ४८ वॅट. एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण शेवटच्या माळेच्या शेपटाला सॉकेट मोकळं दिसलं, म्हणून कमानीवरचा ५०० वॅटचा हॅलोजन त्यातच लावला. आता ५४८ भागिले २३०, म्हणजे जवळजवळ २.४ अँपिअर करंट पहिल्या माळेतून जाऊ लागला. तिच्या वायरीत केसासारख्या मोजक्याच तारा असतात. एकट्या माळेला त्यातून ०.०४ अँपिअरही लागत नाही. त्यात उरलेली वायर नीट दिसावी म्हणून पोरांनी पिनेपाशी वेटोळं करून बांधली होती. उष्णता बाहेर पडायला जागाच नव्हती, आणि वायर नेमकी तिथेच वितळली. खाली झिरमिळ्यांचा कागद होता. कुणाला तरी वेळेत वास आला म्हणून पुढचं टळलं.

तेव्हा माळेच्या शेपटाला फक्त तशीच दुसरी माळ लावावी, तीही खोक्यावर लिहिलेल्या संख्येपर्यंतच. आकडा नसेल तर आम्ही तीनच्या पुढे जाऊ नका म्हणतो. हॅलोजन, पंखा, साउंड यांना बोर्डावरून स्वतंत्र वायर घ्यावी. अर्ध्या तासाने स्विच बंद करून पिनेला हात लावून बघा. कोमट लागली तरी माळा कमी करा.

एक्स्टेंशनलाही वेटोळ्याचाच नियम लागू आहे. रीळवाली वायर पूर्ण उलगडूनच वापरायची, १० फूट लागत असली तरी. घरच्या ६ अँपिअरच्या बोर्डावर हिशेबाने १३८० वॅट चालतात, पण रात्रभर चालणार असेल तर १००० वर थांबावं. बोर्डाला बोर्ड जोडू नका. पिन तोडून उघड्या तारा काडीने सॉकेटात खोचणं तर कृपया बंदच करा. पिन १५-२० रुपयांची असते आणि इथे आणलीत तर बसवून देऊ.

आता पाण्याचं. आपल्याकडे गणपतीत पावसाची सर चुकत नाही, नवरात्रात परतीचा पाऊस असतो आणि दिवाळीत पहाटे दव पडतं. खोक्यावर आयपी ४४ किंवा ६५ लिहिलेली माळ बाहेर चालते, पण तो आकडा माळेचा असतो. तिची पिन आणि चमकवणारा छोटा डबा यांना तो लागू आहे असं धरू नका. ते दोन्ही आडोशालाच हवेत. लोक जोडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतात. आत घाम धरतो आणि पाणी बाहेर पडत नाही. त्यापेक्षा जोड जमिनीपासून हातभर उंच ठेवून वर उपडी बादली टांगा, खालून उघडी. वायर जोडाकडे येण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. पत्र्याच्या आणि लोखंडी पाइपच्या कडेला वायर बांधताना बाइंडिंग तार वापरू नका, ती घासून आवरण कापते.

पाऊस आला की ईएलसीबी पडतो म्हणून काही जण तो बाजूला काढून लाइन थेट जोडतात. तो पडतो याचा अर्थ करंट कुठेतरी ओलीतून जमिनीत जातोय. ३० मिलीअँपिअरला लाइन तोडून तो मंडपाच्या पाइपला हात लावणाऱ्या पोराचा जीव वाचवतो. तो पडला तर माळा एकेक काढून बघा. जी काढल्यावर तो टिकतो, तिच्यात ओल आहे. ती वाळवून आमच्याकडे तपासायला आणा, तपासणीचे पैसे घेत नाही.

आमच्याकडची तीन तारांची, अर्थिंगवाली एक्स्टेंशन बाजारातल्यापेक्षा थोडी महाग पडते, कारण आत दीड स्क्वेअर एमएमची पूर्ण तांब्याची वायर असते. खरेदीला येताना खांबापासून मंडपापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून या. तेवढीच वायर कापून, पिन बसवून, तुमच्यासमोर लोड लावून देतो.