अंगठीचे माप (दोरा व कागदी पट्टी)

बोटाभोवती दोरा किंवा कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून बोटाचा घेर काढण्याची आणि त्यावरून अंगठीचा नंबर ठरवण्याची रीत. सराफी पेढीवर हे काम मापाच्या कड्यांच्या जुडग्याने होते. अंगठी घालणारी व्यक्ती समोर नसली, की दोऱ्याचा किंवा पट्टीचा तुकडाच पेढीवर नेला जातो. कोल्हापुरात महाद्वार रस्त्याजवळच्या गुजरीत साखरपुड्याच्या खरेदीला असे तुकडे घेऊन येणे नवलाचे नाही.

भारतात चालणारा नंबर म्हणजे साधारणपणे अंगठीच्या आतल्या घेराचे मिलिमीटर वजा ४०. घेर ५४ मिमी असेल तर नंबर १४. म्हणजे एक मिलिमीटर चुकला की एक नंबर चुकला. निरनिराळ्या तक्त्यांत थोडा फरक आढळतो, म्हणून नंबराबरोबर घेरही लिहून देणे श्रेयस्कर. आय.एस.ओ. ८६५३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात वजाबाकी न करता घेरच माप म्हणून देतात. घेरावरून व्यास काढायचा तर घेराला ७ ने गुणून २२ ने भागावे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०च्या सुमारास) ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे व्यवहाराला पुरेसे गुणोत्तर दिले आहे. अंगठीच्या मापात या दोहोंतला फरक दिसतही नाही.

दोऱ्यात दोन चुका होतात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. दोरा ओढून बांधला तर तो मांसात रुततो, शिवाय ताणला जाऊन सोडल्यावर आखडतो, त्यामुळे माप लहान येते. उलट, दोऱ्याला स्वतःची जाडी असते. अर्धा मिलिमीटर जाड दोरा न रुतता बोटाभोवती बसला, तर सरळ केल्यावर त्याची लांबी बोटाच्या घेरापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर जास्त भरते, म्हणजे दीड नंबर. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन कधी माप बरोबर येतेही, पण त्यावर विसंबता येत नाही. याच कारणाने प्रस्तुत नोंदीत पट्टीला झुकते माप दिले आहे. वहीचा कागद जेमतेम ०.१ मिमी जाडीचा असतो आणि तो ताणत नाही.

पट्टी चार-पाच मिमी रुंद कापावी. ती तिरपी न जाता बोटाच्या बुडाशी सरळ बसावी. टोके एकावर एक आली की दोन्ही थरांवरून जाईल अशी एकच रेघ पेनाने मारावी आणि पट्टी उलगडून दोन खुणांमधले अंतर मोजावे. लाकडी फूटपट्टीचे टोक झिजलेले असते, तेव्हा मोजणी १ सेंमीच्या खुणेपासून करावी. सांध्याचा घेरही वेगळा घ्यावा, कारण अंगठीला तिथूनच जायचे असते. सांधा बुडापेक्षा मोठा असेल तर दोहोंच्या मधले, सांध्याकडे झुकणारे माप धरतात.

माप केव्हा घ्यावे याबाबत दोन मते आहेत. सकाळी बोटे सर्वांत बारीक असतात असे एक मत, तर सकाळीच ती सुजलेली असतात असे दुसरे. दोन्ही मते सकाळच्या वेगवेगळ्या वेळांविषयी असावीत. झोपेत हात हृदयाच्या पातळीला असतो, स्नायू हलत नाहीत आणि दिवसभर पायांत उतरलेले पाणी अंगभर पसरते, म्हणून उठल्याउठल्या बोटे किंचित फुगलेली वाटतात. हालचाल सुरू झाली की ती फुगवटी बहुधा लवकरच उतरते. पुढे उन्हाने रक्तवाहिन्या रुंदावतात, हात लोंबते राहतात, जेवणातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, आणि बोट पुन्हा भरते. थंड पाण्यात भांडी घासल्यावर मात्र ते आक्रसते. तेव्हा दुपार उतरल्यावर, हात कोमट असताना घेतलेले माप अधिक विश्वासार्ह मानणे योग्य.

समजा, थंडीत सकाळी गार पाण्याने हात धुऊन अनामिकेचा घेर ५२ मिमी भरला, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला ५३ आणि दुपारी उन्हातून आल्यावर ५४. सांधा ५५. सकाळच्या मापावर १२ नंबर केला तर मे महिन्यातल्या लग्नात अंगठी सांध्यावरच अडेल. १५ नंबर सांध्यातून सहज जाईल, पण थंडीत बोटावर फिरेल आणि खडा तळहाताकडे वळेल. संध्याकाळचे ५३ आणि सांध्याचे ५५ यांमधला १४ नंबर, म्हणजे १७.२ मिमी व्यास, इथे ठीक. काढताना सांध्यावर थोडा अडसर जाणवला तर तो असू द्यावा, तोच अंगठी निसटू देत नाही. अंगठी सहा मिमीहून रुंद असेल तर ती जास्त आवळते, तेव्हा एक नंबर वाढवतात.

गरोदरपणातली सूज दिवसाच्या चढउतारात मोडत नाही, त्या काळात कायमचे माप घेऊ नये. एकाच हाताचे बोट अचानक सुजले तर आधी वैद्यकीय तपासणी करावी.

चुकलेली साधी सोन्याची अंगठी निमुळत्या काठीवर ताणून एखादा नंबर वाढवता येते. लहान करायची तर कापून, तुकडा काढून पुन्हा जोडावी लागते. सभोवार खडे जडवलेल्या अंगठीत ताणल्यास खड्यांची पकड सैल होते, म्हणून तिचे माप घडवण्याआधीच दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी पट्टी लावून पक्के करावे लागते.