रवीच्या एका बाजूला तूप, दुसऱ्या बाजूला ताक

सांगली जिल्ह्यात दूध हा रोजच्या हिशेबाचा विषय आहे. पहाटे डेअरीवर कॅन उतरला की पहिला प्रश्न असतो, "आज फॅट किती लागली?" म्हशीच्या दुधाचा भाव सहा फॅट आणि नऊ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून ठरतो. त्यावरच्या प्रत्येक पॉइंटाला पैसे वाढतात. म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने फॅट ही कमाई आहे. तोच माणूस पन्नाशीत मिरजेच्या दवाखान्यात रिपोर्ट दाखवायला जातो तेव्हा त्याला सांगतात, फॅट कमी करा. आहारतज्ज्ञ म्हणून इथे काम करताना हा गोंधळ मी रोज पाहते. एक म्हणतो तूप बंद, दुसरा म्हणतो तूप अमृत. दोन्ही मतं कुठून आली आणि आज नेमकं काय माहीत आहे, ते क्रमाने बघू.

सुरुवात सशांपासून झाली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या रोहिण्यांमध्ये चरबीचे थर साचले. तेव्हापासून खाण्यातलं कोलेस्टेरॉल म्हणजेच रक्तातलं कोलेस्टेरॉल, अशी समजूत बसली. पण ससा शाकाहारी प्राणी आहे, कोलेस्टेरॉल पचवायची सवय त्याच्या शरीराला नाही. माणसाचं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं, आणि खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांमध्ये स्वतःचं उत्पादन थोडं आवरतं घेतं. तरीही १९६८ साली अमेरिकेत रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली. तो आकडा २०१५च्या अमेरिकी आहार मार्गदर्शकातून वगळला गेला, पण आपल्या भिंतींवरच्या तक्त्यांमध्ये अजून टिकून आहे. एक छोटा चमचा तुपात जेमतेम १२ ते १५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. तुपाचा प्रश्न तिथे नाहीच.

प्रश्न आहे संपृक्त चरबीचा, म्हणजे तूप-लोण्यात भरपूर असते त्या चरबीचा. अमेरिकेतले अँसेल कीज यांनी पन्नासच्या दशकातच दाखवलं होतं की माणसाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त हलतं. १९५८ साली त्यांनी सात देशांचा मोठा अभ्यास सुरू केला. भारत त्यात नव्हता. हृदयविकाराचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं ते फिनलंडच्या पूर्व भागात. तिथला नॉर्थ कारेलिया हा प्रांत आपल्यासारखाच गोठ्यांचा आणि डेअरीचा होता. पावाला जाड लोणी, जेवणाबरोबर सायीचं दूध. १९७२ पासून तिथे गावोगाव काम झालं. लोणी कमी, तेल जास्त, तंबाखू कमी, मीठ कमी, रक्तदाबावर उपचार. पुढच्या काही दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. याचं सगळं श्रेय लोण्याच्या घसरणीला देता येणार नाही. पण तूप-लोण्याचा कोलेस्टेरॉलशी संबंधच नाही, असं कुणी सांगू लागलं की मला हा दूधवाल्यांचा प्रांत आठवतो.

यामागची यंत्रणा पुढे स्पष्ट झाली. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे, म्हणजे वाईट म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे, कण रक्तातून उचलून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की या ग्राहकांचं काम मंदावतं, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं.

आपल्याकडे मात्र मधल्या काळात वेगळंच घडलं. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि परवडेना म्हणून घराघरांतल्या साजूक तुपाची जागा वनस्पती तुपाने घेतली. पुढे तूप हृदयाला वाईट हा सल्ला आला तेव्हा अनेकांना वाटलं, वनस्पतीपासून केलंय म्हणजे हे बरं. १९९० साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी ट्रान्स चरबीचा, म्हणजे वनस्पती तुपात असायची त्या चरबीचा, प्रयोग केला. तिने एलडीएल वाढलं आणि चांगलं एचडीएलही उतरलं. संपृक्त चरबी एचडीएल तरी पाडत नाही. म्हणजे लोकांनी तूप सोडून तुपापेक्षा वाईट वस्तू घेतली होती. भारतात ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला जानेवारी २०२२ उजाडावं लागलं. एवढी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं. 'पूर्वीचे लोक तूप खाऊन ठणठणीत होते' या वाक्याला बळ मिळालं ते याच चुकीतून.

आता मुद्द्याचं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत असं दिसू लागलं की दुधातली चरबी सगळीकडे सारखी वागत नाही. तेवढीच चरबी चीजमधून दिली तर एलडीएल लोण्याइतकं चढत नाही. याचं एक कारण आपल्या रवीत सापडतं. दुधातल्या चरबीचा प्रत्येक कण एका पातळ आवरणात असतो. त्या आवरणात प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड असतात. आपण साय विरजतो, घुसळतो, तेव्हा हे आवरण फुटतं. चरबी एकमेकींना चिकटून लोण्याचा गोळा वर येतो, आणि फुटलेलं आवरण बरंचसं ताकात उतरतं. लोणी कढवलं की उरलंसुरलं पाणी जातं, बाकीचं बेरीत राहतं. तूप म्हणजे आवरण उतरवलेली जवळजवळ शुद्ध चरबी.

२०१५ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने नेमका हाच फरक तपासला. वजन जास्त असलेल्या ५७ प्रौढांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी दिली. अर्ध्यांना आवरणासकट सायीच्या रूपात, अर्ध्यांना आवरण काढलेल्या बटर ऑइलच्या रूपात, म्हणजे आपल्या तुपाच्या भावंडाच्या रूपात. तूपवाल्यांचं एलडीएल वाढलं. सायवाल्यांचं जवळजवळ तसंच राहिलं. हा छोटा प्रयोग आहे, त्यात रक्त तपासलं, हृदयविकाराचे झटके मोजले नाहीत. पण २०१८च्या २१ देशांच्या 'प्युअर' पाहणीतलं चित्र याच्याशी जुळतं. भारतासह सव्वा लाखाहून जास्त लोकांच्या त्या पाहणीत दूध-दही नियमित खाणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले, लोण्याच्या बाबतीत मात्र असा फायदा स्पष्ट दिसला नाही. पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही. दूध-दही परवडणाऱ्या घरात इतरही बरंच काही बरं असतं.

पलूसकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. वय ५२, घरी दोन म्हशी, तंबाखू नाही, साखर नाही. एलडीएल १४८. "मॅडम, तूप एक-एक चमचाच घेतो." मी वहिनींना घरचा चमचा आणायला सांगितला. तो वाढायचा चमचा होता, त्यात तूप मोजलं तर १२ ग्रॅम भरलं. दोन वेळचं मिळून २४ ग्रॅम तूप, त्यात संपृक्त चरबी १५ ग्रॅम. दोन चहा आणि रात्रीचा पेला धरून ४०० मिलिलिटर म्हशीचं दूध, साडेसहा फॅटचं. त्यातून आणखी १७ ग्रॅम. आठवड्यातून दोनदा भाकरीवर लोण्याचा गोळा आणि रविवारी १५० ग्रॅम पनीर, दिवसाला वाटून साधारण सहा ग्रॅम. एकूण ३८. दिवसाला २२०० कॅलरी खाणाऱ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेची १० टक्क्यांची मर्यादा लावली तर २४ ग्रॅमच बसतात, आणि त्यात तेल, शेंगदाणे, खोबरं अजून धरायचे आहेत.

त्यांना वाटत होतं मी तूप तोडणार. मी आधी चमचा बदलला. चहाचा सपाट चमचा, पाच ग्रॅमचा, दोन वेळा. रात्रीचा पेला बंद करून त्याऐवजी दुपारी वाटीभर दही, तेही तापवून गार केलेल्या दुधावरची साय काढून लावलेलं. चहालाही तेच दूध. लोणी फक्त रविवारी, सुपारीएवढं. पनीर एका माणसाला ७५ ग्रॅम, आणि ते तळून नाही, कारण तळलेलं पनीर तेल पिऊन बसतं. पनीरमध्ये प्रथिनं चांगली असतात, पण म्हशीच्या दुधाच्या १०० ग्रॅम पनीरमध्ये २०-२५ ग्रॅम चरबी असते हे हॉटेलात डिश मागवताना कुणाच्या लक्षात येत नाही. ताकावर बंधन घातलं नाही, फक्त मीठ कमी. असं करून दूध, तूप, लोणी, पनीर मिळून संपृक्त चरबी ३८वरून १७ ग्रॅमवर आली.

यात दोन ठिकाणी घसरगुंडी असते. काढलेली साय घरातच विरजली जाते, तिचंच तूप होतं, आणि डबा भरला की चमचा पुन्हा मोठा होतो. या घराने जास्तीचं तूप पुण्यातल्या लेकीकडे पाठवायला सुरुवात केली. दुसरी म्हणजे तुपाच्या जागी काय आलं. पोट भरायला बिस्किटं, पाव, खारी आली तर एलडीएल फारसं उतरत नाही, वर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात, आणि आपल्या लोकांमध्ये ते आधीच चढे असतात. त्यांच्या ताटात मी मटकीची उसळ आणि जवसाची चटणी वाढवली.

बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये एलडीएल १२९ आलं. फार लवकर तपासणी करण्यात अर्थ नसतो, आणि लॅब बदलली तर दोन आकडे नीट ताडता येत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब, वय, घराण्यातला इतिहास पाहून गोळीची गरज सध्या नाही असं ठरवलं. त्यांच्या धाकट्या भावाचं एलडीएल मात्र २०६ निघालं, तो तूप जवळजवळ खातच नव्हता. १९०च्या पुढचा आकडा बहुधा खाण्याचा नसतो. तो घराण्यातून आलेला असू शकतो किंवा थायरॉइडमुळे, म्हणून त्याला मी चमचा मोजायला लावला नाही. थेट डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्याच्या मुलांचीही तपासणी करून घ्यायला सांगितलं.