ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट आणि रिव्ह्यूला तयार पुल रिक्वेस्ट: प्रश्न वेगळा, उत्तरही वेगळं

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात एका सहकारी मुलीने ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट उघडली. मी ती उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि एकवीस कमेंट लिहिल्या. व्हेरिएबलची नावं, राहून गेलेला प्रिंट, एका फंक्शनला टेस्ट नाही, असं सगळं. दुसऱ्या दिवशी चहाला ती म्हणाली, "अरे दादा, मला एवढंच विचारायचं होतं की मी योग्य रस्त्याने चालले आहे का. ते मात्र तू सांगितलंच नाहीस." तिचं बरोबर होतं. तिने एक प्रश्न विचारला होता आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. माझ्या एकवीस कमेंटपैकी निम्म्याहून जास्त ज्या ओळींवर होत्या, त्या ओळी तिने पुढे पुसूनच टाकल्या, कारण तो सगळा भागच बदलला.

दोन्ही पुल रिक्वेस्ट पानावर जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून हा घोळ होतो. ड्राफ्टला वर करडा शिक्का असतो, तयार असलेलीला हिरवा. पण ड्राफ्ट विचारते, "दिशा बरोबर आहे का?" आणि तयार पुल रिक्वेस्ट विचारते, "हे मुख्य शाखेत जाऊ द्यायचं का?" पहिल्या प्रश्नाला दहा मिनिटं आणि एक मत पुरतं. दुसऱ्याला प्रत्येक ओळ वाचावी लागते.

आता यंत्रणेच्या बाजूने काय फरक पडतो ते बघू. गिटहबवर ड्राफ्टची सोय 2019 च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी लोक शीर्षकात WIP लिहायचे. ती नुसती विनंती होती, मर्जचं बटण कुणीही दाबू शकत होतं. ड्राफ्ट मात्र मर्ज होतच नाही, बटणच बंद असतं. दुसरं म्हणजे, रेपॉझिटरीत CODEOWNERS फाइल असेल तर नेमलेल्या लोकांना ड्राफ्टच्या वेळी आपोआप रिव्ह्यूची विनंती जात नाही. ती जाते ड्राफ्ट तयार म्हणून जाहीर केल्यावर.

एवढ्यावरून बऱ्याच जणांना वाटतं की ड्राफ्ट लपलेली असते. तसं अजिबात नाही. रेपॉझिटरी ज्याला दिसते त्याला ड्राफ्टही दिसते, त्यावर कमेंट करता येते, रिव्ह्यू देता येतो. एखाद्या ठरावीक माणसाला हाताने रिव्ह्यूला बोलावताही येतं, आणि लवकर मत हवं असेल तर तेच करावं. नुसती ड्राफ्ट उघडून वाट बघत बसलं तर कुणी येत नाही. आणि काम फक्त सुरक्षित ठेवायचं असेल, कुणाला काही विचारायचंच नसेल, तर शाखा पुश करणं पुरेसं आहे.

त्या मुलीचं काम तपशिलात सांगतो, कारण ड्राफ्ट कधी उघडावी हे त्यातून नीट कळतं.

वाशीच्या बाजारातल्या अडत्यांसाठी आम्ही पट्टीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माल विकला की शेतकऱ्याला जो हिशोबाचा कागद मिळतो ती पट्टी. रकमा दशांशात साठवल्यामुळे काही ठिकाणी पैशांचा फरक यायचा, तो काढून सगळा हिशोब पूर्णांकात, म्हणजे पैशांत करायचा, असं काम तिच्याकडे होतं. बदल चौदा फाइलींमध्ये पसरणार होता. तिने पहिल्या दिवशी एकच फंक्शन बदललं, एक टेस्ट लिहिली आणि ड्राफ्ट उघडली. टेस्टमध्ये कांद्याची तीन पोती होती, दर क्विंटलला 1,835 रुपये, म्हणजे किलोला 18 रुपये 35 पैसे. वजनं 52.10, 51.20 आणि 53.00 किलो.

आता गंमत बघा. प्रत्येक पोत्याची रक्कम वेगळी काढली तर 956.035, 939.52 आणि 972.55 रुपये येतात. प्रत्येक ओळ रुपयात पूर्ण केली तर 956, 940 आणि 973, एकूण 2,869. पण आधी बेरीज करून शेवटी एकदाच पूर्ण केली तर बेरीज 2,868.105, म्हणजे 2,868. एका पट्टीत एक रुपयाचा फरक. तिला शेवटी एकदा पूर्ण करणं बरोबर वाटत होतं, आणि नुसतं गणित बघितलं तर ते बरोबरच आहे.

ड्राफ्टच्या वर्णनात तिने हे आकडे मांडले होते आणि खाली लिहिलं होतं: "पूर्ण रुपया प्रत्येक ओळीवर करायचा की शेवटी? यावर ठरलं की बाकीच्या तेरा फाइली हातात घेते. नावं आणि टेस्ट अजून कच्च्या आहेत, त्याकडे आत्ता बघू नका." शेवटचं वाक्य मी वाचलंच नव्हतं.

उत्तर दिलं आमच्याच टीममधल्या एका वयस्कर सहकाऱ्यांनी. बाजारात जाऊन सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम तेच करतात. त्यांनी तीन ओळी लिहिल्या: छापलेल्या पट्टीवर प्रत्येक पोत्याची रक्कम पूर्ण रुपयांत दिसते. शेतकरी गाळ्यासमोर उभा राहून ती हाताने जोडतो. छापलेल्या ओळींची बेरीज खालच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे, त्यामुळे पूर्ण रुपया ओळीवरच करा. तिथे विषय संपला. ही गोष्ट चौदा फाइली झाल्यावर कळली असती तर हिशोबाचा गाभाच उलटा करावा लागला असता.

ड्राफ्टची योग्य वेळ ही अशी असते. निर्णय अजून बदलता येतो, पण बोलण्यासाठी काहीतरी चालणारं समोर आहे. फार लवकर उघडली, नुसता रिकामा सांगाडा असला, तर वाचणाऱ्याला मत द्यायला काही मिळत नाही. फार उशिरा उघडली तर लिहिणाऱ्याचा जीव त्या रचनेत अडकलेला असतो आणि मत ऐकूनही बदलवत नाही. माझा अनुभव असा आहे की एका वाक्यात विचारता येईल असा प्रश्न सापडला की ड्राफ्ट उघडावी. प्रश्न सापडत नसेल तर अजून थोडं काम करावं.

मत देणाऱ्यानेही एक पथ्य पाळावं. ड्राफ्टवर Approve देऊ नये, Comment म्हणून रिव्ह्यू द्यावा. नवीन कमिट आल्यावर जुनी मंजुरी रद्द करण्याची सेटिंग रेपॉझिटरीत चालू नसेल, तर अर्धवट कामाला दिलेली ती मंजुरी पुढे तशीच टिकून राहते.

मग "तयार" कधी म्हणायचं? तिने बटण दाबलं चार दिवसांनी. त्याआधी स्वतःच Files changed उघडून सगळा बदल एकदा वाचला, तेव्हा डीबगिंगचे दोन प्रिंट सापडले. मुख्य शाखेतले नवे बदल आपल्या शाखेत घेतले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वर्णन नव्याने लिहिलं. ड्राफ्टमधला प्रश्न काढून तिथे निर्णय लिहिला: पूर्ण रुपया ओळीवर, कारण छापील बेरीज जुळायला हवी. हे लोक विसरतात. तयार पुल रिक्वेस्टवर जुना प्रश्न तसाच राहिला तर नवा रिव्ह्यूअर त्याचं उत्तर द्यायला बसतो आणि मिटलेली चर्चा पुन्हा उकरली जाते.

बटण पानाच्या तळाशी, मर्जच्या चौकटीत असतं, Ready for review नावाचं. टर्मिनलवरून करायचं तर:

```
gh pr create --draft
gh pr ready
```

पहिल्या कमांडने ड्राफ्ट उघडते, दुसरीने ती तयार होते.

इथे एक खड्डा आहे. आम्ही त्यात पडलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ड्राफ्टवर प्रत्येक पुशला टेस्ट चालवायला नकोत, मिनिटं वाया जातात, म्हणून कुणीतरी गिटहब ॲक्शन्सच्या फाइलीत एक अट घातली होती:

```yaml
on:
  pull_request:

jobs:
  test:
    if: github.event.pull_request.draft == false
```

वाचायला ठीक वाटतं. पण `pull_request` एवढंच लिहिलं की वर्कफ्लो तीनच प्रसंगी चालतो: पुल रिक्वेस्ट उघडली, नवीन कमिट आलं, किंवा बंद केलेली पुन्हा उघडली. ड्राफ्ट तयार म्हणून जाहीर केली, हा प्रसंग त्यात नाही. म्हणजे बटण दाबल्यावर काहीच चालत नाही. आणि याहून वाईट म्हणजे अटीमुळे वगळलेला जॉब गिटहब यशस्वी म्हणून धरतो. मर्जसाठी ती टेस्ट सक्तीची केलेली असली तरी अडवणूक होत नाही. शेवटचं कमिट ड्राफ्ट असताना पुश झालं, मग बटण दाबलं, रिव्ह्यू मिळाला, मर्ज झालं, आणि टेस्ट एकदाही चाललेली नाही. आमच्याकडे असं एकदा झालं आणि मुख्य शाखा तुटल्यावरच ते कळलं.

ओळखायचं कसं? मर्ज करण्याआधी चेक्सची यादी उलगडून बघा. टेस्टच्या नावापुढे ती यशस्वी झाल्याची खूण आहे की Skipped लिहिलंय, ते वाचा. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```yaml
on:
  pull_request:
    types: [opened, synchronize, reopened, ready_for_review]
```

खालची अट तशीच ठेवायची. `types` लिहिलं की आधीचे तीन प्रसंग आपोआप येत नाहीत, म्हणून चारही नावं लिहावी लागतात. नुसतं `ready_for_review` लिहिलं तर नंतरच्या पुशला टेस्ट चालणार नाहीत. आम्ही पुढे ती अटच काढून टाकली. आमच्या टेस्ट सहा मिनिटांत होतात आणि ड्राफ्टवर त्या चाललेल्या दिसल्या की मत देणाऱ्यालाही आधार मिळतो. तुमच्या टेस्टना तासभर लागत असेल तर अट ठेवा, पण वरच्या चार नावांसकट.

तयार म्हटलेली पुल रिक्वेस्ट परत ड्राफ्ट करता येते, हे फार कमी लोक वापरतात. उजवीकडे Reviewers च्या खाली Convert to draft अशी लहान ओळ असते, किंवा `gh pr ready --undo`. जे आधीपासून सूचना घेत होते त्यांना पुढेही त्या येत राहतात, कुणी यादीतून गळत नाही. पट्टीच्या त्याच कामात रिव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं की हमाली आणि तोलाई वजा करताना पूर्ण रुपया आधी करायचा की नंतर. उत्तर कुणालाच ठाम माहीत नव्हतं, बाजारात जाऊन जुन्या पट्ट्या बघाव्या लागणार होत्या. तिने लगेच पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट केली, वर्णनाच्या वरच्या ओळीत तो प्रश्न लिहिला आणि बाकीच्या दोघा रिव्ह्यूअरना कळवलं की तोपर्यंत वाचू नका. दोन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळी बदलल्या आणि तिने बटण पुन्हा दाबलं. या वेळी मी आधी वर्णन वाचलं, मग कोड.